शेजारच्या गोंगाटाची तक्रार: पत्र घरमालकाला, काम समितीचे

पुढच्या पानांवर दिलेला मसुदा भाडेकरूने आपल्या घरमालकाला लिहायच्या पत्राचा आहे. वरच्या घरातून रात्री उशिरापर्यंत आवाज येतात, सांगून फरक पडलेला नाही, आणि भाडेकरूची मालकाकडे एकच मागणी आहे: ही तक्रार आपण सभासद या नात्याने सोसायटीच्या व्यवस्थापक समितीकडे लेखी द्यावी. मसुदा जेमतेम दीड पानाचा आहे. प्रस्तावना त्याहून लांब झाली, कारण असे पत्र लिहिणारे बहुतेक जण ते चुकीच्या अपेक्षेने लिहितात. मालक आपल्याशी कळवळ्याने बोलेल, वरच्यांना फोन करून दम देईल, किंवा निदान भाडे थोडे कमी करेल, अशी ती अपेक्षा असते. यातले काहीही करायला तो बांधलेला नाही. जे तो करू शकतो, आणि त्या इमारतीत भाडेकरूसाठी दुसरे कोणी तितक्या सहज करू शकत नाही, ते वेगळेच आहे. समितीला तक्रारीची दखल घेणे भाग पडेल असा अर्ज त्याच्या सहीने जाऊ शकतो. माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीभोवती आहे आणि मसुद्याची रचनाही तिच्यावरच उभी आहे.

महाराष्ट्रातली सहकारी गृहनिर्माण संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली असते आणि तिचा रोजचा कारभार उपविधींवर चालतो. सहकार खात्याने आदर्श उपविधी तयार केलेले आहेत आणि बहुतेक सोसायट्यांनी ते थोड्याफार फरकाने स्वीकारले आहेत. त्यांत एक तरतूद अशी आहे की कोणत्याही सभासदाने आपल्या सदनिकेत इतर सभासदांना उपद्रव, त्रास किंवा गैरसोय होईल असे काही करू नये, किंवा करू देऊ नये. ‘करू देऊ नये’ हे शब्द लक्षात ठेवावेत, त्यांचा उपयोग पुढे येणार आहे. त्याच तरतुदीचा दुसरा भाग म्हणतो की असे प्रकार थांबवण्यासाठी समिती स्वतःहून किंवा कोणत्याही सभासदाची तक्रार आल्यावर पावले उचलू शकते. सगळा भर ‘सभासदाची’ या शब्दावर आहे. लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणारा माणूस सभासद नसतो. काही सोसायट्या त्याला नाममात्र सभासद करून घेतात, पण नाममात्र सभासदाला मत नसते आणि कारभारात वाटाही नसतो. त्याने सेक्रेटरीला दिलेला अर्ज एखादी सज्जन समिती नक्कीच वाचेल. पण समिती सज्जन नसेल, किंवा नुसती थकलेली असेल, तर ‘तुम्ही सभासद नाही, मालकाला सांगा’ हे उत्तर तिच्याकडे तयार असते आणि ते चूकही नसते. सभासदाचा लेखी अर्ज मात्र असा परत पाठवता येत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे समितीची सभा महिन्यातून निदान एकदा व्हायला हवी, आलेल्या तक्रारीवर लगतच्या सभेत निर्णय व्हायला हवा आणि तो त्यानंतर १५ दिवसांत अर्जदाराला कळवायला हवा. ही मुदत सुरू होते ती सभासदाच्या अर्जाने. भाडेकरू दर रविवारी खाली जाऊन चेअरमनला तोंडी सांगत राहिला, तर वर्षभरानंतरही तिचा पहिला दिवस उजाडलेला नसतो.

यावर मालकाच्या बाजूने पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. वरच्या मजल्यावर कोण काय करते याला मी काय करणार? कायद्याने पाहिले तर तो बरोबर बोलतो. भाडेपट्ट्याच्या कायद्यात भाडेकरूला जागेचा निर्वेध उपभोग देण्याची जी हमी आहे, ती मालकाने स्वतः किंवा त्याच्या वतीने कोणी आणलेल्या अडथळ्याविरुद्धची आहे. वरच्या घरातल्या परक्या माणसाच्या वागण्याची ती हमी नाही. लिव्ह अँड लायसन्समध्ये तर जागेत हक्कच निर्माण होत नाही, फक्त वापरण्याची परवानगी असते. म्हणून मसुद्यात ‘तुमची जबाबदारी आहे’ असे वाक्य कुठेही नाही. जे पत्र मालकावर खोटी जबाबदारी टाकते, त्याला मालक खोडून काढणारे उत्तर देतो आणि विषय तिथेच संपतो. मसुदा त्याच्या जबाबदारीबद्दल काही म्हणत नाही, त्याच्या अधिकाराबद्दल बोलतो. तो सभासद आहे, देखभाल शुल्क भरतो आणि घर भाड्याने दिले आहे म्हणून त्यावर बिनभोगवटा शुल्कही भरतो. हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ नये असे राज्य शासनाने २००१ मध्ये ठरवून दिले. म्हणजे आपण तिथे राहत नाही याचे पैसे तो सोसायटीला वेगळे मोजतो, पण सभासद म्हणून त्या घराविषयी बोलण्याचा हक्क त्याने सोडलेला नसतो. शिवाय त्याचा स्वार्थही यात आहे. ज्या घरात रात्री झोप लागत नाही, तिथे भाडेकरू टिकत नाही. दर अकरा महिन्यांनी नवा करार, नोंदणी, दलाली आणि मधला रिकामा महिना असे चक्र सुरू होते. मसुद्यात हे उघड लिहिलेले नाही, कारण लिहिले की ते धमकीसारखे वाचले जाते. मालकाला ते न सांगताही समजते.

दुसरा आक्षेप वरच्या घरातून येतो: आमच्या घरात आम्ही काय करायचे ते आमचे आम्ही बघू. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये जो निकाल दिला, त्यात याचे उत्तर आहे. शांतपणे जगता येणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि आपल्या हद्दीबाहेर जाऊन शेजाऱ्यांना त्रास देईल असा आवाज स्वतःच्या घरातही करण्याचा हक्क कोणी सांगू शकत नाही, अशी न्यायालयाची भूमिका आहे. पण या निकालाचा आधार जपून घ्यावा लागतो. तो मुख्यतः ध्वनिवर्धक, फटाके आणि हॉर्न यांच्याविषयी होता. लहान मूल रात्री रडते, म्हाताऱ्या आजोबांची काठी वाजते, पहाटेच्या पाळीला निघालेली परिचारिका साडेपाचला नळ सोडते, हे राहण्याचेच आवाज आहेत आणि त्यांची तक्रार करू नये, केली तर ती टिकणारही नाही. तक्रार होते ती अशा आवाजाची, जो टाळता येण्याजोगा आहे, वारंवार होतो आणि सांगूनही थांबत नाही. तिन्ही गोष्टी एकत्र हव्यात. मसुद्यातला दुसरा परिच्छेद या तिन्ही गोष्टी एकेका वाक्यात सांगतो आणि चौथे वाक्य मुद्दाम जोडतो: लहान मुलांच्या नेहमीच्या वावराबद्दल आमची तक्रार नाही. समितीत बसलेल्या माणसांच्या घरीही मुले असतात. हे वाक्य नसेल तर पत्र वाचताना त्यांची सहानुभूती वरच्यांकडे जाते.

आता सगळ्यात दुर्लक्षित बाब. आवाज नक्की कुठून येतो? आरसीसी इमारतीत स्लॅब, तुळया आणि खांब एकसंध जोडलेले असतात. बोलण्याचा किंवा टीव्हीचा आवाज हवेतून येतो आणि भिंतीने पुष्कळसा अडतो. आपटण्याचा, घासण्याचा, ठोकण्याचा आवाज थेट काँक्रीटमध्ये शिरतो आणि खांबांतून आडवा, तिरपा, दोन मजले खालीही पोचतो. पाच-सहा इंचांचा स्लॅब पहिल्या प्रकाराला बराच आवरतो, दुसऱ्याला फारसा नाही. म्हणून डोक्यावर वाजलेली गोष्ट डोक्यावरच्याच घरातली असेल असे नाही. ती शेजारच्या जिन्यावरच्या घरातली असू शकते, किंवा त्याच्याही वरच्या मजल्यावरची. रात्री ठरावीक वेळी येणारी घरघर पुष्कळदा पाण्याच्या पंपाची असते आणि एकच मोठा ठोका नळ झटकन बंद झाल्यावर पाइपमध्ये बसणाऱ्या पाण्याच्या धक्क्याचा असतो. हे ओळखण्याच्या साध्या पद्धती आहेत. आवाज चालू असताना जिन्यात येऊन वरच्या दाराजवळ ऐकावे. वरचे लोक गावाला गेलेले असताना आवाज येतो का ते पाहावे. घड्याळाच्या काट्यावर येणारा आवाज यंत्राचा समजावा, माणसांचे आवाज इतके नेमाने येत नाहीत. पंपाचा किंवा लिफ्टच्या मोटरचा आवाज निघाला तर तक्रार शेजाऱ्याविरुद्ध राहत नाही. ते सोसायटीच्या दुरुस्तीचे काम होते आणि पत्राचा मजकूरच बदलतो. या तपासणीत दोन आठवडे गेले तरी ते वाया जात नाहीत. चुकीच्या घराकडे बोट दाखवणारे एक पत्र गेले की पुढची दहा खरी पत्रेही संशयाने वाचली जातात.

पुराव्याच्या बाबतीत हल्ली पहिला हात मोबाइलमधल्या डेसिबल मोजणाऱ्या अ‍ॅपकडे जातो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री, म्हणजे १० ते ६ या वेळेत, ४५ डेसिबल ही मर्यादा आहे हे खरे. पण ही मर्यादा परिसराच्या आवाजाची आहे आणि ती ठरावीक काळाच्या सरासरीवर मोजली जाते. खुर्ची ओढण्याचा आवाज तीन सेकंदांचा असतो. सरासरीत तो दिसतही नाही, पण त्याने झोप मात्र मोडते. गाण्यातल्या खर्जाच्या ठोक्यांचेही तसेच आहे. मोजमापाची नेहमीची पद्धत खालच्या स्वरांना कमी वजन देते, त्यामुळे छातीत धडधडणारा ठोका आकड्यात सौम्य दिसतो. मोबाइलचा मायक्रोफोन प्रमाणित नसतो ही आणखी एक अडचण. म्हणून मसुद्यात एकही डेसिबलचा आकडा नाही. त्याऐवजी जोडपत्र म्हणून एक नोंदतक्ता आहे: तारीख, सुरुवात, शेवट, कसला आवाज, आपण कोणत्या खोलीत होतो, त्यावर काय केले. हा तक्ता रोजच्या रोज भरलेला हवा. महिनाअखेरीस आठवून भरलेला तक्ता ओळखू येतो, कारण त्यातल्या सगळ्या वेळा पाच-दहाच्या पटीत असतात आणि रोजचे वर्णन सारखेच असते. आवाज न आलेल्या रात्रीही नोंदवाव्यात. एकवीस रात्रींपैकी अकरा रात्री त्रास झाला, असे सांगणारा माणूस ‘रोज रात्री’ म्हणणाऱ्यापेक्षा जास्त विश्वासार्ह ठरतो. आणि शेजारच्या किंवा खालच्या घरातल्या एखाद्या सभासदाने ‘आम्हालाही ऐकू येते’ असे दोन ओळींत लिहून सही दिली, तर त्या दोन ओळी दहा ध्वनिमुद्रणांपेक्षा जड असतात. त्या दिल्या की तक्रार एका नाजूक कानाची राहत नाही.

एक उदाहरण घेऊ. ठाण्यातली पाच मजली इमारत आहे असे समजू. ३०१ मध्ये नवरा-बायको आणि दहावीतली मुलगी भाड्याने राहतात. ४०१ मध्येही भाडेकरूच आहेत, चार नोकरदार तरुण. रात्री साडेअकरानंतर फर्निचर ओढणे, शनिवारी एक वाजेपर्यंत स्पीकर. ३०१ मधली बाई एकदा संध्याकाळी वर जाऊन नीट बोलली. आठवडाभर बरे गेले, मग पुन्हा तेच. दुसऱ्यांदा तिने व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप पाठवला. उत्तर आले की लक्ष ठेवू, पण काही बदलले नाही. इथे पत्राची वेळ झाली. मालक पुण्यात राहतो, म्हणून पत्र ई-मेलने जाते आणि छापील प्रत कुरिअरने. पहिल्या परिच्छेदात फक्त घर क्रमांक, कराराची तारीख आणि विषय. दुसऱ्यात त्रासाचे वर्णन, वर सांगितलेल्या चार वाक्यांत. तिसऱ्यात स्वतः काय केले: अमुक तारखेला भेटलो, अमुक तारखेला निरोप पाठवला. चौथा परिच्छेद सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तो जवळजवळ असा आहे: ‘आपण सोसायटीचे सभासद आहात. सोबत सेक्रेटरींच्या नावे अर्जाचा मजकूर तयार करून जोडला आहे. तो आपल्याला योग्य वाटल्यास सही करून पाठवावा, किंवा आपल्या सभासद म्हणून नोंदवलेल्या ई-मेलवरून पुढे पाठवावा, आणि पुढच्या मासिक सभेत त्यावर निर्णय घेण्याची विनंती करावी. सभेत माहिती देण्यासाठी बोलावल्यास मी हजर राहीन.’ शेवटी नोंदतक्ता आणि शेजाऱ्याचे टिपण जोडल्याचा उल्लेख, मग सही.

मालकाला अर्ज तयार करून देणे हा या मसुद्याचा खरा विशेष आहे. कित्येक मालकांना मदत करायची इच्छा असते, पण समितीला काय लिहायचे, कोणाच्या नावे, कशाचा आधार द्यायचा, हे माहीत नसते आणि विचारायला संकोच वाटतो. त्यामुळे ‘बघतो’ म्हणून पत्र पडून राहते. अर्ज तयार मिळाला तर त्याचे काम पाच मिनिटांचे होते. त्या अर्जात उपविधीचा क्रमांक घालायचा झाल्यास आपल्या सोसायटीने स्वीकारलेली प्रत मागवून त्यातूनच घालावा, कारण आदर्श उपविधींच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत क्रमांक बदललेले आहेत आणि चुकीच्या क्रमांकावरून सेक्रेटरी अर्ज बाजूला ठेवू शकतो. आणि अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. पोच नसेल तर १५ दिवस कधी संपले हे कोणालाच सांगता येत नाही.

समिती काय करू शकते याबद्दलही भ्रम नसावा. ती न्यायालय नाही. ती कोणाच्या घरात शिरून स्पीकर बंद करू शकत नाही आणि भाडेकरूला घराबाहेर काढण्याचा अधिकार तिला नाही. दंडसुद्धा ती स्वतःहून लावू शकत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे आधी लेखी समज, मग कारणे दाखवा नोटीस, मग म्हणणे मांडायची संधी देऊन सर्वसाधारण सभेचा निर्णय, अशी पायरी-पायरीने वाट आहे आणि दंडाची वरची मर्यादा आर्थिक वर्षाला ५,००० रुपये आहे. कागदावर हे फार दिसत नाही. तरीही समितीच्या पत्राला वजन असते आणि आपल्या उदाहरणात ते कुठे पडते हे पाहण्यासारखे आहे. ४०१ मधले तरुण सभासद नाहीत, त्यांचा मालक सभासद आहे, आणि त्रास होईल असे सभासदाने ‘करू देऊ नये’ हे बंधन त्याच्यावर आहे. समिती पत्र त्याला लिहिते. त्याच्या आणि तरुणांच्या करारात शेजाऱ्यांना उपद्रव देऊ नये अशी अट बहुधा असतेच, आणि ती मोडली तर करार संपवण्याची तरतूदही. ३०१ च्या बाईने चार वेळा जिना चढून जे होत नाही, ते चौथ्या मजल्याच्या मालकाच्या एका फोनने पुष्कळदा होते, आणि तो फोन समितीच्या पत्रामुळे होतो. भाडेकरूकडून मालकाकडे, मालकाकडून समितीकडे, समितीकडून दुसऱ्या मालकाकडे आणि तिथून दुसऱ्या भाडेकरूकडे, हा वळसा लांब वाटतो, पण यातल्या प्रत्येक टप्प्यावर पुढच्या माणसाला काही सांगण्याचा अधिकार आहे. सरळ जिन्याच्या वाटेवर तो कोणालाच नाही. वरच्या घरात स्वतः सभासद राहत असेल, आणि तोच समितीवरही असेल, तर काम अवघड होते. अशा वेळी अर्जात एवढीच नम्र विनंती वाढवावी की या विषयाच्या चर्चेत संबंधित सदस्याने भाग घेऊ नये आणि तसे इतिवृत्तात नोंदवावे.

पोलिसांकडे सरळ का जाऊ नये, असे विचारले जाते. रात्री दहानंतर गच्चीवर स्पीकर लावून पार्टी चालू असेल तर ११२ ला फोन करणेच योग्य, तिथे समितीच्या मासिक सभेची वाट पाहणे वेडेपणाचे आहे. रात्रीच्या वेळी ड्रिल मशीनसारखी बांधकामाची यंत्रे निवासी भागात चालवायलाही बंदी आहे. पण फर्निचर ओढण्याचा आवाज पोलीस येईपर्यंत थांबलेला असतो. बीट मार्शल दार वाजवतो, आत सगळे शांत बसलेले दिसतात आणि दुसऱ्या दिवसापासून दोन घरांतले बोलणे बंद होते. आदर्श उपविधींत तक्रार कोणाकडे न्यावी याची जी वाटणी आहे, तीत पोलीस, निबंधक, सहकार न्यायालय हे सगळे आहेत, पण ते समितीकडून उत्तर न आल्यास किंवा त्याने समाधान न झाल्यास येतात. आधी समितीकडे गेल्याचा पोच असलेला कागद हातात असेल तर पुढच्या प्रत्येक दारात बोलणे सोपे जाते. तसेच, आधी वरच्यांशी समोरासमोर बोलावे हा सल्लाही मला मान्य आहे आणि मसुदा तो गृहीत धरतो. ज्याने एकदाही दार वाजवलेले नाही त्याने हे पत्र पाठवू नये. पण ‘आपापसात मिटवा’ हे समितीचे उत्तर असू शकत नाही. आपापसात मिटले असते तर अर्ज आलाच नसता.

खरा कठीण आक्षेप भाडेकरूच्या स्वतःच्या मनातला आहे: तक्रार केली तर मालक म्हणेल, जमत नसेल तर घर सोडा. ही भीती खोटी नाही. बऱ्याच सोसायट्यांत भाडेकरूकडे, त्यातही अविवाहितांकडे, आधीच तिरक्या नजरेने पाहिले जाते. एकाने तोंड उघडले की ‘भाडेकरूंची भांडणे’ म्हणून दोन्ही घरे एकाच तागडीत टाकली जातात. यावर पूर्ण उपाय कुठल्याही मसुद्यात नाही. पण धोका कमी करता येतो. पत्र पाठवण्यापूर्वी आपला करार काढून लॉक-इनची मुदत आणि नोटिशीची अट वाचावी. लॉक-इन दोघांनाही बांधणारा असेल आणि चालू असेल, तर मालकही मधेच करार मोडू शकत नाही. करार संपायला एकच महिना उरला असेल तर आधी नूतनीकरणाचे बोलणे करावे, मग पत्र द्यावे. सूर विनंतीचा ठेवावा. भाडे थांबवण्याचा किंवा कापण्याचा विषय काढू नये. तो काढला की चूक भाडेकरूची होते आणि गोंगाट बाजूला पडून भाड्यावरच वाद सुरू होतो. दुसरीकडे, न लिहिण्यातही धोका आहेच. तोंडी कुरकुर करत राहिलेला भाडेकरूही मालकाच्या डोक्यात तक्रारखोर म्हणून बसतो, फक्त त्याच्या बाजूने कागद नसतो.

मालकाने काहीच उत्तर दिले नाही तर पंधरा दिवसांनी दोन ओळींचे स्मरणपत्र पाठवावे आणि त्यात पर्याय द्यावा: आपल्याला वेळ नसल्यास, या एका विषयात सोसायटीशी पत्रव्यवहार करण्याचे अधिकारपत्र मला द्यावे. परदेशात राहणाऱ्या मालकांना हा मार्ग सोयीचा पडतो. अधिकारपत्राने भाडेकरू सभासद होत नाही, पण अर्ज सभासदाच्या वतीने आला आहे हे सेक्रेटरीला नाकारता येत नाही. आणि मालक स्पष्ट नाही म्हणाला, तर भाडेकरूने स्वतःच्या नावाने समितीला अर्ज द्यावा. समिती स्वतःहूनही पावले उचलू शकते ही तरतूद तेव्हा कामी येते, आणि शेजारच्या ज्या सभासदाने दोन ओळी लिहून दिल्या होत्या त्यालाच तक्रारदार होण्याची विनंती करता येते.

एक मर्यादा शेवटी सांगितली पाहिजे, विशेषतः पुण्याच्या वाचकांना. प्रत्येक इमारत सहकारी सोसायटी नसते. अनेक इमारती महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अ‍ॅक्ट, १९७० खाली अपार्टमेंट म्हणून नोंदलेल्या असतात आणि पाटीवर काहीही लिहिलेले असले तरी त्यांना सोसायट्यांचे आदर्श उपविधी लागू नसतात. त्यांचे नियम घोषणापत्रासोबत नोंदलेल्या उपविधींत असतात. तिथेही शेजाऱ्यांना उपद्रव देऊ नये अशा अर्थाचा नियम बहुधा सापडतो, पण १५ दिवसांची मुदत किंवा दंडाची पद्धत तशीच असेल असे धरून चालू नये. म्हणून मसुदा भरायला घेण्यापूर्वी मालकाला एक प्रश्न विचारावा: तुमच्याकडे सोसायटीचे भाग प्रमाणपत्र आहे, की अपार्टमेंटचे नोंदलेले खरेदीखत आणि घोषणापत्र? पहिले असेल तर पुढचा मसुदा जसाच्या तसा वापरता येईल. दुसरे असेल तर चौथ्या परिच्छेदात ‘सभासद’ऐवजी ‘अपार्टमेंटधारक’ आणि ‘सेक्रेटरी’ऐवजी त्या असोसिएशनच्या पदाधिकाऱ्याचे पद लिहून, मुदतीचे वाक्य गाळावे.